अब्बांच्या डब्यातला दोरा

आमच्या येवल्यात संक्रांतीला आकाश पतंगांनी भरून जातं, हे बाहेरच्या लोकांनाही ठाऊक आहे. पण पतंग बनवणाऱ्या घरात संक्रांतीचं काम दिवाळीच्या आधीच सुरू झालेलं असतं, आणि त्याच काड्या, तोच कागद आणि तीच लेई वापरून दिवाळीपुरते आकाशकंदील बनतात, हे फारसं कोणाला माहीत नसतं. माझे अब्बा पतंग बनवायचे. आश्विन लागला की पतंगाचं काम बाजूला ठेवून महिनाभर ते कंदील करायचे. बांबूच्या काड्यांचे आणि पतंगी कागदाचे, आतल्या दिव्यानं उजळणारे. माझ्या बी.एड.च्या दोन्ही सत्रांची फी कंदिलांच्या पैशातून भरली गेली होती, म्हणून हा कंदील माझ्यासाठी नुसता शोभेचा नाही.

मागच्या वर्षी पावसाळ्यात अब्बांना अर्धांगाचा झटका आला. शुक्र आहे, ते उठतात, बसतात, नमाज खुर्चीवर पढतात. बोलणं थोडं अडखळतं. पण उजव्या हाताची मूठ वळत नाही, आणि मूठ वळत नसेल तर सुरी धरता येत नाही.

समोरच्या घरातल्या काकूंच्या दाराला माझ्या जन्माच्याही आधीपासून अब्बांचा कंदील लागतो. त्याचे पैसे अब्बांनी कधी घेतले नाहीत आणि काकूंनी विचारलेही नाहीत. फराळाचा डबा येतो, ईदला आमचा डबा जातो. त्या वर्षी दिवाळीला दहा दिवस राहिले तेव्हा काकू अब्बांना बघायला आल्या आणि जाताना उंबऱ्यात मला हळूच म्हणाल्या, “बाई, यंदा मी बाजारातला आणते गं. भाईंना सांगू नकोस.” अब्बांना ऐकू चांगलं येतं. ते काही बोलले नाहीत, फक्त भिंतीकडे बघत बसले. मी त्याच वेळी ठरवलं की कंदील मी करणार.

मी उर्दू शाळेत शिकवते. सहावी-सातवीच्या मुलांना कार्यानुभवाच्या तासाला दाखवता येईल म्हणून कंदील बनवताना त्याचा टाइमलॅप्स घ्यायचा, असंही डोक्यात आलं. टाइमलॅप्स म्हणजे फोननं दर काही सेकंदांनी एकेक चित्र टिपायचं आणि नंतर ती सगळी चित्रं भराभर दाखवायची. तासन्‌तासांचं काम मिनिटा-दीड मिनिटात डोळ्यांपुढून जातं. माझा हिशेब असा होता: दर पाच सेकंदाला एक चित्र, काम तीन तासांचं, म्हणजे २१६० चित्रं. सेकंदाला तीस चित्रं दाखवली की ७२ सेकंदांची फिल्म. मुलं एवढा वेळ गप्प बसतात, हा अनुभव आहे.

फिल्मच्या सुरुवातीला सामानाची यादी हवी, म्हणून एका पुठ्ठ्यावर उजव्या बाजूला उर्दूत आणि डाव्या बाजूला मराठीत ती लिहायला घेतली. लिहिताना कळलं की मला वस्तूंची नावं येतात, पण त्यांची मापं अब्बांच्या बोटांत होती. “काड्या,” मी लिहिलं. अब्बा म्हणाले, “कितनी?” मला सांगता येईना.

मग आम्ही दोघं बसलो. मी एक जुना सांगाडा आठवून कागदावर काढला. आमचा कंदील सहा चौकोनांचा असतो. एक चौकोन वर, एक खाली, आणि मधे चार चौकोन. पण हे चार आडवे न बसवता टोकावर उभे करायचे, पत्त्यांतल्या चौकटसारखे. चौकटींची डावी-उजवी टोकं एकमेकांना बांधली की चौघांचं कडं तयार होतं. त्यांच्या वरच्या चार टोकांना वरच्या चौकोनाचे चार कोपरे बांधायचे आणि खालच्या टोकांना खालचा चौकोन. झाला सांगाडा. चौकोनांच्या मधे आपोआप आठ त्रिकोण उमटतात, त्यांना वेगळ्या काड्या लागत नाहीत. सहा चोक चोवीस, म्हणजे चोवीस काड्या. वरच्या चौकोनात बल्ब अडकवायला कर्णावर फुलीसारख्या दोन काड्या आणि खालच्यात एक आडवी. एकूण सत्तावीस. मोजून झाल्यावर अब्बांनी मान हलवली, जणू मी काही नवीन शोध लावला होता. ते आयुष्यभर मुठीनं काड्या घेत आणि मूठ बरोबर निघे.

यादी शेवटी अशी झाली. वाळलेल्या बांबूची फूटभर लांबीची दोन पेरं, त्यातून साडेआठ इंची चोवीस काड्या आणि पावणेबारा इंची तीन. काडी साधारण अर्धा सेंटिमीटर रुंद आणि त्याच्या निम्मी जाड. पतंगी कागदाचे तीन ताव, एक चौकटींसाठी, एक त्रिकोणांसाठी, एक झिरमिळ्यांसाठी. कापसाचा बारीक दोरा. लेईसाठी दोन मोठे चमचे मैदा आणि कपभर पाणी. शाळेत हिला खळ म्हणतात, आमच्या घरात लेई. धारदार सुरी, कात्री, पट्टी, पेन्सिल, अर्धा तुकडा पॉलिशपेपर. लहान एलईडी बल्ब, होल्डर आणि वायर. टांगायला सुतळी.

लेईत पूर्वी अब्बा चिमूटभर मोरचूद टाकत, म्हणजे किडे कागद खात नाहीत. ते विष आहे, आणि मुलं लेईचं बोट तोंडात घालतातच, म्हणून ते यादीतून मी काढलं. मोरचूद नसेल तर लेई रोजची रोज शिजवायची, एवढंच.

बुरूड आळीतून बांबू आणला. पहिल्यांदा जो तुकडा मिळाला तो हिरवट होता. अब्बांनी नखानं दाबून परत पाठवला. ओला बांबू तासताना लोण्यासारखा वाटतो, पण महिनाभरात वाळून बारीक होतो आणि प्रत्येक गाठ सैल पडते. वाळलेला बांबू टणक वाजतो आणि पिवळसर असतो.

काड्या काढणं माझ्या हाताला सगळ्यात अवघड गेलं. मी एका कडेनं बारीक काडी सोलायला गेले, तर चीर मधेच बाहेर पळाली आणि काडी टोकाला निमुळती निघाली. अब्बांनी डाव्या हाताची दोन बोटं फाकवून दाखवलं, आधी अर्धा. बांबू नेहमी निम्मा-निम्मा करत जायचं. दोन्ही बाजू सारख्या जाड असतील तर चीर सरळ जाते. एक बाजू बारीक असेल तर चीर तिकडेच ओढली जाते. तशी पळायला लागली की जाड बाजूला वाकवायचं, चीर परत मधे येते. पहिल्या पेराची निम्मी लाकडं चुलीत गेली. दुसऱ्या पेरातून चांगल्या काड्या निघाल्या. मग बांबूची पाठ, म्हणजे चकचकीत बाजू, पॉलिशपेपरनं जराशी घासून घेतली. चकाकीवर लेई धरत नाही.

प्रत्येक काडीवर आठ इंचांच्या दोन खुणा केल्या, दोन्ही टोकांना पाव-पाव इंच बाहेर. खुणेवर खूण ठेवून चार काड्यांचा चौकोन, कोपऱ्यावर दोरा तीनदा एका तिरक्या बाजूनं, तीनदा दुसऱ्या, गाठ, आणि गाठीवर लेईचं बोट. असे सहा.

आता फिल्मबद्दल थोडं, कारण पहिल्या दिवशी माझा निम्मा जीव त्यातच अडकला होता. फोन कपाटावर डब्याला टेकवून तिरका ठेवला. अगदी डोक्यावर लावला तर वाकून काम करताना कंदिलाऐवजी माझी ओढणीच दिसते. फोन चार्जरला लावला आणि एरोप्लेन मोडवर टाकला, नाही तर मधे कोणाचा कॉल आला की चित्रीकरण तुटतं. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड एकाच ठिकाणी बांधून ठेवला. नाही बांधला तर दर चित्रात फोन आपल्या मनानं उजेड कमी-जास्त करतो आणि फिल्म डोळे मिचकावल्यासारखी लुकलुकते. खिडकीवर चादर टाकली. दुपारी तीनला सुरू केलेलं काम असरनंतर संपतं, आणि तेवढ्यात खिडकीचा उजेड पांढऱ्याचा पिवळा होतो. आणि पंखा बंद ठेवला, तो कॅमेऱ्यासाठी नव्हे, पतंगी कागदासाठी.

चौकोन एकमेकांना बांधले. चार चौकटींचं कडं, वर एक, खाली एक. टेबलावर ठेवला तेव्हा सांगाडा जिवंत असल्यासारखा डुलत होता. वरून हात ठेवला की खाली बसायचा आणि कंबर फुगायची. वरून धरून उचलला की लांब व्हायचा आणि कंबर आत जायची. मला वाटलं, गाठी सैल झाल्या असतील. दोन-तीन गाठी सोडून परत आवळल्या. काही फरक पडला नाही.

गणित शिकवणाऱ्या माणसाला हे तिथंच समजायला हवं होतं. चार काड्यांचा चौकोन कितीही घट्ट बांधला तरी तो तिरका होऊ शकतो. त्रिकोण होऊ शकत नाही. वर आणि खाली मी कर्णाच्या काड्या घातल्या होत्या, म्हणून ते दोन चौकोन पक्के होते. मधल्या चार चौकटींमधे काहीच नव्हतं. त्या चपट्या झाल्या की सगळा कंदील चपटा होणार. पण माझं लक्ष फोनकडे होतं. कागद लावला की होईल सरळ, असं म्हणत मी कागद लावायला सुरुवात केली.

चौकटींचे कागद बरोबर कापले होते, नऊ इंची चौरस, म्हणजे सगळीकडून अर्धा इंच दुमडायला. त्रिकोणही नऊ इंचीच कापले, आणि ते चुकलं. आठ इंची समभुज त्रिकोणाला तिन्ही बाजूंनी अर्धा इंच पट्टी हवी असेल तर कागदाची बाजू पावणेदहा इंच लागते, कारण टोकं निमुळती असतात आणि तिथं कागद जास्त खर्च होतो. नऊ इंचीत पट्टी जेमतेम पाव इंचापेक्षा किंचित जास्त राहते आणि काडीवरून वळवताना सुटते. ते त्रिकोण मी लेईनं कसेबसे धरून ठेवले. मगरिबच्या अजानपर्यंत कंदील पूर्ण झाला. रात्री तो मी टेबलावरच वाळत ठेवला.

सकाळी तो पोट सुटलेल्या माणसासारखा दिसत होता. चारी चौकटींवर आडव्या सुरकुत्या. पट्टी लावली तर चौकट आडवी बारा इंच भरली आणि उभी साडेदहा. दोन्ही कर्ण सारखे, सव्वाअकराच्या आसपास, असायला हवे होते. माझा धाकटा मुलगा म्हणाला, “अम्मी, हा भोपळा आहे का?” आणि अब्बांकडे बघून जीभ चावली.

अब्बा हसले नाहीत. “फिल्म दिखा,” म्हणाले.

फोन त्यांच्या पुढ्यात धरला. बहात्तर सेकंदांत माझे हात माशांसारखे इकडून तिकडे पळत होते. अब्बांनी एकदा बघितली, दुसऱ्यांदा बघितली. तिसऱ्यांदा डाव्या हाताचं बोट पडद्यावर ठेवलं. “रोक. यहाँ रोक.” मी थांबवली. त्यांनी बोटानं वरच्या चौकोनाची कड दाखवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची खालची कड दाखवली. फिल्ममधे कंदिलाच्या मागे ते कॅलेंडर दिसत होतं. सुरुवातीला कंदिलाची वरची कड कॅलेंडरच्या कडेच्या थोडी वर होती. थांबवलेल्या चित्रात दोन्ही एका रेषेत होत्या. शेवटच्या चित्रात कंदील बराच खाली गेला होता.

तीन तास मी त्याच्यासमोर बसले होते आणि मला तो बसत चालल्याचं दिसलं नव्हतं. दर कागदाला मी वरून हलकासा दाब देत होते, ओल्या लेईनं दोरे नरम पडत होते, आणि सांगाडा केसाएवढा-केसाएवढा खाली जात होता. ते साध्या डोळ्याला दिसण्यासारखं नव्हतंच. भराभर पळणाऱ्या चित्रांत मात्र कंदील उघड उघड मटकन बसताना दिसत होता. मी फिल्म मुलांसाठी घेतली होती. पहिली चूक तिनं मलाच दाखवली.

मग अब्बांनी पलंगाखाली बोट दाखवलं. तिथं त्यांचा पत्र्याचा डबा असतो, बिस्किटांचा, त्यावरचं चित्र कधीच घासून गेलेलं. आत दोन सुऱ्या, पितळी चिमटा, दोऱ्याच्या गुंड्या आणि तळाला घडी केलेला एक मळका जाड दोरा. त्याला गाठी होत्या. अब्बांनी डाव्या हातानं तो माझ्या तळहातावर ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या कोपरानं स्वतःच्या कमरेला हलकेच ठोसा दिला. “कमर,” म्हणाले.

हा दोरा मी लहानपणी हजारदा पाहिला होता. मला वाटायचं, तो कंदील टांगायचा असेल.

पट्टी घेऊन मोजला. पाच गाठी, दर दोन गाठींत सव्वाअकरा इंचाला एक दोऱ्याची जाडी जास्त. पहिल्या गाठीपासून शेवटच्या गाठीपर्यंत सव्वापंचेचाळीस इंच. मी वही घेतली. आठ इंची चौरसाचा कर्ण म्हणजे आठ गुणिले दोनचं वर्गमूळ, ११.३१ इंच. चार चौकटींची कंबर म्हणजे त्याची चौपट, ४५.२५ इंच. अब्बा चौथीपर्यंत शिकलेले. पायथागोरसचं नाव त्यांनी माझ्या तोंडून ऐकलं असेल तेवढंच. हे माप कुठून आलं, विचारलं तर म्हणाले, “उस्ताद का.” त्यांचे उस्ताद मी जन्मायच्या आधीच वारले होते. म्हणजे दोरा किमान पन्नास वर्षांचा असणार, निदान त्याचं माप तरी.

दोऱ्याचं काम इतकं साधं आहे की समजल्यावर हसू येतं. टेबलावर ठेवलेला सांगाडा आपल्याच वजनानं खाली बसायला बघतो. खाली बसायचं तर कंबर फुगायलाच हवी. कमरेच्या चारी टोकांना गाठी मारलेला दोरा बांधला तर कंबर फुगू शकत नाही, आणि कंबर फुगत नाही म्हणून माथा खाली येऊ शकत नाही. वजनच त्याला बरोबर मापात ताणून धरतं. चार गाठी चार टोकांवर बसल्या की चारी चौकटी सारख्या होतात. चार चौकटींवर कागद लावून वाळला की दोरा काढून घ्यायचा, कारण तेव्हापासून ते काम कागद करतो. काड्या कंदिलाला आकार देतात हे खरं, पण तो आकार टिकवतो तो कागद. म्हणून कागद चिकटण्याच्या वेळेला सांगाडा ज्या आकारात असेल, तोच आकार कायमचा होतो. मी माझा भोपळा असा कायमचा केला होता.

दुसरा कंदील दिवाळीला पाच दिवस राहिले असताना केला. नवे काड्यांचे चौकोन करायला मला फक्त एक संध्याकाळ लागली. हात थोडा बसला होता. जुन्याचे भिजवून सोडवता आले असते, पण लेई लागलेल्या काड्या परत घासत बसण्यापेक्षा नव्या सोप्या. या वेळी अब्बा खुर्ची ओढून टेबलाजवळ बसले. फिल्ममधे त्यांचा डावा हात दिसतो, अधूनमधून येऊन एखादा कोपरा धरणारा.

कागद लावण्याचा क्रम त्यांनी ठरवला. आधी एक चौकट, मग तिच्या बरोबर समोरची. शेजारची नाही. ओला कागद वाळताना आखडतो, आणि एकाच अंगाला दोन कागद आखडले तर सांगाडा त्या अंगाला कलतो. लेई कागदाला नाही, काडीला लावायची, बोटानं, पातळ. कागद टेकवून चारी टोकांकडे हलकेच सारखा करायचा आणि पट्टी काडीवरून आत वळवून स्वतःवरच चिकटवायची. ओढून ताणायचा नाही. हे मला दोनदा सांगावं लागलं, कारण ओला कागद ढिला दिसतो आणि हात आपोआप ओढायला जातो. ढिला लावलेला कागद तासाभरात स्वतःच डफासारखा ताठ होतो. ओढून लावलेला मात्र वाळताना काडी वाकवतो किंवा कोपऱ्यातून टर्रकन फाटतो. माझा एक फाटला. त्यावर अब्बांनी काही न बोलता दुसरा कागद पुढं सरकवला.

चार चौकटी लावून आम्ही थांबलो. चहा झाला, असरची नमाज झाली. फिल्ममधे या वेळेला काहीच होत नाही, नुसता कंदील उभा आहे आणि कागदावरचे ओले डाग एकेक करून उडत जातात. मुलांना दाखवण्याआधी हा भाग काढून टाकावा असं वाटलं होतं. ठेवला. सहा-सात सेकंदांचा तर आहे.

परत येऊन मी टिचकी मारली. टण्ण वाजला. अब्बांनी मानेनं खूण केली, तशी कमरेचा दोरा सोडला. सांगाडा हलला नाही. वरून तळवा ठेवून दाबला, तरी हलला नाही. याच काड्या तासाभरापूर्वी बोट लावलं तर डुलत होत्या. दोन्ही कर्ण मोजले: उभा सव्वाअकरा, आडवा सव्वाअकरा.

नंतर त्रिकोण, पावणेदहा इंची. एका तावात दहा बसतात, उलटसुलट मांडले तर. आठ लागतात, दोन चुकण्यासाठी. चौकटी पिवळ्या आणि त्रिकोण गुलाबी ठेवले. गडद निळा आणि हिरवा दिवसा सुंदर दिसतो, पण रात्री उजेड गिळतो. अब्बा ते रंग फक्त झिरमिळ्यांना वापरत. वरचा आणि खालचा चौकोन मोकळाच ठेवायचा. वरून बल्ब येतो, आणि वारा आत आला तर निघून जायला वाट राहते. खाली दोन बोटं रुंदीच्या निळ्या झिरमिळ्या, वीस इंची.

बल्ब फुलीच्या मधून बरोबर पोटात लोंबला पाहिजे, कागदापासून सगळीकडून सारख्या अंतरावर. कंदिलाचं वजन सुतळीवर यावं, वायरवर नाही. जुने पिवळे बल्ब होते तेव्हा चाळीसच्या वर लावला की भाऊबीजेपर्यंत कागद तपकिरी पडायचा. एलईडीचा तसा त्रास नाही. पाण्याचा मात्र आहे. पतंगी कागदाचा रंग थेंबानं सुटतो आणि आजकाल दिवाळीत पाऊस यायचा तो येतोच. कंदील पागोळीच्या आत लावावा.

शाळेत एका सहकारी बाईंनी विचारलं, तुम्ही कशाला हे करत बसता? मी म्हटलं, आमच्या घरचा धंदा आहे. त्या म्हणाल्या, अच्छा, आणि मग काड्या कुठून आणल्या ते विचारू लागल्या.

वसुबारसेच्या संध्याकाळी मी आणि धाकटा कंदील घेऊन समोर गेलो. काकूंच्या दारात आधीच एक प्लास्टिकचा लागला होता, चांदण्यांचा. त्यांनी आमच्याकडे बघितलं, मग रस्त्यापलीकडे खुर्चीत बसलेल्या अब्बांकडे, आणि काही न बोलता आत जाऊन स्टूल घेऊन आल्या. प्लास्टिकचा काढून मागच्या दाराला लावला. आमचा पेटवल्यावर धाकट्यानं खाली बसून वर बघितलं आणि ओरडला, “नाना, भोपळा नाही!” अब्बांनी डावा हात वर केला.

काकूंनी कंदिलाखाली उभं राहून झिरमिळी बोटात धरली. “भाईंनीच केला ना गं?” मला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगणंही बरोबर वाटेना. मी म्हटलं, “माप त्यांचं आहे.”

दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात दोन्ही फिल्म दाखवल्या, भोपळा आधी. मुलांना पहिलीच जास्त आवडली आणि ती त्यांनी तीनदा लावायला लावली. कॅलेंडर कोणी बघितलं का, विचारलं, तर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, कॅलेंडर वर चढतंय.” मी तिला फळ्याजवळ बोलावलं आणि कंदील का बसतो, ते तिच्याकडूनच काढून घेतलं. तासाच्या शेवटी चाळीस मुलांना दोरे वाटले, आणि प्रत्येकानं पट्टीनं मोजून पाच गाठी मारल्या. अकरा मुलांच्या गाठी चुकल्या. गाठ मारताना दोरा खातो, हे मी त्यांना सांगायला विसरले होते.

यादीच्या पुठ्ठ्यावर आता शेवटची ओळ वाढवली आहे, उर्दूत आणि मराठीत: गाठींचा दोरा, सव्वापंचेचाळीस इंच. आमच्या घरातला मूळ दोरा मी वर्गात न्यायला मागितला होता. अब्बांनी दिला नाही. नवा करून घे म्हणाले, आणि तो परत डब्याच्या तळाशी, सुऱ्यांच्या खाली ठेवायला लावला.